एंटरप्राइज व्हॅल्यू

एखादी कंपनी तिच्या भागधारकांकडून आणि कर्जदात्यांकडून, म्हणजे पैसा पुरवणाऱ्या सर्वांकडून, पूर्ण विकत घ्यायची तर तिच्या चालू धंद्याची जी किंमत होते ती एंटरप्राइज व्हॅल्यू. शेअर बाजाराच्या बोलण्यात तिला नुसते ‘ईव्ही’ म्हणतात. एकूण शेअरसंख्येला चालू भावाने गुणले की बाजारमूल्य, म्हणजे मार्केट कॅप, मिळते. पण ती फक्त भागधारकांच्या हिश्शाची किंमत असते. त्यात कंपनीचे कर्ज मिळवायचे आणि कंपनीकडची रोकड वजा करायची, की एंटरप्राइज व्हॅल्यू निघते. कर्ज मिळवायचे कारण नवा मालक आला तरी ते फेडावेच लागते. रोकड वजा करायची कारण ती त्याच्याच हाती पडते.

ज्या कंपनीवर कर्ज नाही आणि जिच्याकडे रोकडही मोठी नाही तिच्या बाबतीत या दोन आकड्यांत फारसा फरक पडत नाही. पोलाद, सिमेंट, वीज, दूरसंचार, विमानसेवा अशा भांडवलखाऊ धंद्यांत मात्र दोन कंपन्यांची तुलना केवळ बाजारमूल्यावर केली तर निष्कर्ष चुकतो, आणि तो नेहमी एकाच दिशेने चुकतो: जिच्यावर कर्ज जास्त, ती स्वस्त वाटते.

हे आकड्यांत पाहण्यासाठी दोन कल्पित कंपन्या घेऊ. दोघींचे कारखाने सारखे, माल सारखा, आणि व्याज, कर व घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा, ज्याला एबिटडा म्हणतात, तो दोघींचा वर्षाला 1,000 कोटी रुपये. घसारा 200 कोटी. ‘क’ कंपनीवर कर्ज नाही, तिच्याकडे रोकडही नाही आणि तिचे बाजारमूल्य 6,000 कोटी आहे. ‘ख’ कंपनीवर 10 टक्के व्याजाचे 4,800 कोटींचे कर्ज आहे, तिच्याकडे 300 कोटींची रोकड आहे आणि तिचे बाजारमूल्य 1,500 कोटी आहे. ‘क’ला व्याज नसल्याने 800 कोटींवर 25 टक्के कर जाऊन 600 कोटी निव्वळ नफा उरतो, बाजारमूल्य त्याच्या दहापट. ‘ख’च्या 800 कोटींतून आधी 480 कोटी व्याज जाते, मग 320 कोटींवर कर, आणि हाती 240 कोटी राहतात, बाजारमूल्य त्याच्या सव्वासहापट. किंमत-उत्पन्न गुणोत्तर पाहणारा म्हणेल की ‘ख’ बरीच स्वस्त आहे. पण ‘ख’ची एंटरप्राइज व्हॅल्यू काढली तर 1,500 अधिक 4,800 उणे 300, म्हणजे नेमकी 6,000 कोटी येते. बाजाराने दोन्ही कारखान्यांना एबिटडाच्या सहापट अशी एकच किंमत दिलेली आहे. स्वस्ताई कुठेच नाही. एका कंपनीत मालकांचा पैसा जास्त आहे, दुसरीत सावकारांचा, इतकाच भेद.

हा भेद किरकोळ नाही, हे मंदीच्या वर्षी कळते. समजा, दोघींचा एबिटडा 20 टक्क्यांनी घसरून 800 कोटींवर आला. ‘क’चा निव्वळ नफा 600 वरून 450 कोटी होतो. ‘ख’चे व्याज मात्र तेवढेच राहते, त्यामुळे तिचा नफा 240 वरून 90 कोटींवर येतो. बाजाराने सहापट हाच दर कायम ठेवला तर दोघींची एंटरप्राइज व्हॅल्यू 4,800 कोटी होईल. ‘क’च्या भागधारकाचे 20 टक्के नुकसान होते, ‘ख’चे निव्वळ कर्ज 4,500 कोटी असल्याने तिचे बाजारमूल्य 300 कोटींवर येते आणि भागधारकाचे 80 टक्के जातात. ‘ख’चा शेअर आधी कमी पटीला मिळत होता, तो या धोक्यापोटी. फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी 1958 साली मांडले की कर वगैरे बाबी बाजूला ठेवल्या तर धंद्याची एकूण किंमत त्याच्या कमाईवर ठरते, भांडवल आणि कर्ज यांच्या प्रमाणावर नाही. एंटरप्राइज व्हॅल्यूने तुलना करण्यामागचा आधार हाच आहे.

प्रत्यक्ष गणित करताना आकडे एकत्रित ताळेबंदातून घ्यावे लागतात, आणि ‘दीर्घ मुदतीचे कर्ज’ ही एकच ओळ उचलून भागत नाही. अल्प मुदतीचे कर्ज, दीर्घ कर्जाचा या वर्षी फेडायचा हप्ता, प्रेफरन्स शेअर हे सारे मिळवायचे. उपकंपनीत बाहेरच्यांचा हिस्सा असेल तर तोही मिळवायचा, कारण एकत्रित एबिटडामध्ये त्या उपकंपनीची कमाई पूर्ण धरलेली असते. एंटरप्राइज व्हॅल्यू भागिले एबिटडा या गुणोत्तराच्या अंशात आणि छेदात एकच धंदा मोजला गेला पाहिजे, हा इथला मूळ नियम आहे. भाडेकराराच्या देण्यांबाबत तो सर्वात जास्त मोडला जातो. भारतात 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे लेखामानक लागू झाले आणि विमाने, दुकाने यांचे बहुतेक दीर्घ भाडेकरार ताळेबंदात देणे म्हणून दिसू लागले. भाडे खर्चातून निघून घसारा आणि व्याज यांत गेले. त्यामुळे एबिटडा एका रात्रीत वाढला, धंदा होता तोच राहिला. वाढलेला एबिटडा घ्यायचा आणि भाड्याचे देणे मात्र मिळवायचे नाही, असे केले तर कंपनी उगाच स्वस्त दिसते. म्हणूनच 2019 च्या आधीचे आणि नंतरचे गुणोत्तर शेजारी ठेवताना सावध राहावे लागते.

ताळेबंद एका दिवसाचा असतो, ही दुसरी अडचण. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. मार्चअखेरीस गोदामे साखरेने भरलेली असतात आणि त्या साठ्यावर उचललेले खेळते कर्जही शिखराच्या आसपास असते. 31 मार्चचा आकडा जसाच्या तसा घेतला तर कारखाना वर्षभर असतो त्याहून अधिक कर्जबाजारी भासतो. काही कंपन्यांत उलट घडते: वर्षअखेरीपुरते कर्ज फेडून दाखवले जाते आणि एप्रिलमध्ये पुन्हा उचलले जाते. दोन्ही ओळखण्याची एक साधी खूण आहे. वर्षभराच्या व्याजखर्चाला वर्षअखेरच्या कर्जाने भागावे. उत्तर बँकेच्या चालू व्याजदराहून फार वर गेले, उदाहरणार्थ 1,000 कोटींच्या कर्जावर 200 कोटी व्याज, तर खरे सरासरी कर्ज दाखवले त्याहून मोठे असण्याची शक्यता असते. उत्तर फार खाली आले तर वर्षअखेरीस कर्ज फुगलेले असू शकते, किंवा व्याजाचा काही भाग बांधकामाधीन प्रकल्पाच्या खर्चात धरला जात असेल. रोकडही तपासून घ्यावी. बँकेकडे मार्जिन म्हणून अडकलेली ठेव किंवा ग्राहकांची आगाऊ रक्कम नव्या मालकाच्या खिशात जात नाही, म्हणून ती वजा करू नये.

बँका आणि वित्तकंपन्यांना ही पद्धत लावत नाहीत. ठेवी आणि उसना पैसा हा त्यांचा कच्चा मालच असल्याने व्याजाआधीचा नफा काढण्याला तिथे अर्थ राहत नाही.

बाजारमूल्य आणि धंद्याची किंमत यांच्यात किती अंतर पडू शकते, याचे भारतातले ठळक उदाहरण भूषण स्टीलचे आहे. या कंपनीचा मुख्य पोलाद कारखाना ओडिशात ढेंकानाल जिल्ह्यातल्या मेरामंडली इथे, वर्षाला 56 लाख टन क्षमतेचा होता. पत्रे तयार करणारे कारखाने उत्तर प्रदेशातल्या साहिबाबादला आणि रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीला होते. रिझर्व्ह बँकेने जून 2017 मध्ये ज्या 12 बड्या थकबाकीदारांना नादारी प्रक्रियेत नेण्यास बँकांना सांगितले, त्यांत ही कंपनी होती. वित्तीय कर्जदात्यांचे दावे सुमारे 56,000 कोटी रुपयांचे होते. मे 2018 मध्ये टाटा स्टीलने बामनीपाल स्टील या आपल्या उपकंपनीमार्फत ती ताब्यात घेतली.

त्या वेळी भूषण स्टीलचे सुमारे 22.65 कोटी शेअर होते आणि भाव दोन आकडी होता. भाव सढळपणे 100 रुपये धरला तरी बाजारमूल्य 2,265 कोटी होते. क्षमतेने भागले तर टनाला जेमतेम 4,000 रुपये. इतक्या किमतीत कोणताही पोलाद कारखाना उभा राहत नाही, आणि टाटा स्टीललाही तो त्या किमतीत मिळाला नाही. तिने वित्तीय कर्जदात्यांना 35,200 कोटी दिले आणि इतर धनकोंसाठी 1,200 कोटी ठरवले. एकूण 36,400 कोटी, म्हणजे टनाला 65,000 रुपये. सौद्याची रचना तर आणखी बोलकी आहे. 72.65 टक्के शेअर मिळवण्यासाठी, दोन रुपये दर्शनी किमतीने, केवळ 158.89 कोटी लागले. बाकीची रक्कम जवळजवळ सगळी कर्जाच्या रूपात कंपनीत घातली गेली आणि तिच्यातून जुन्या बँकांची देणी भागवली. एवढ्या मोठ्या व्यवहारात शेअरच्या किमतीचा वाटा अर्धा टक्काही नव्हता.

याच उदाहरणात एंटरप्राइज व्हॅल्यूची मर्यादाही दिसते, आणि कर्जबाजारी कंपन्या पाहणाऱ्याने ती सर्वात आधी लक्षात घ्यावी असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कोणी 2018 मध्ये नेहमीचे सूत्र वापरून 2,265 कोटींत 56,000 कोटी मिळवले असते, तर उत्तर 58,000 कोटींच्या वर, टनाला लाखाहून अधिक आले असते. तेही चुकीचेच. सुस्थितीतल्या कंपनीचे कर्ज पुस्तकी किमतीला धरले तरी चालते, कारण ते तेवढ्याला फिटणार असते. इथे बँकांना रुपयामागे रोखीने सुमारे 63 पैसे मिळाले. धंद्याची किंमत कर्जाहून कमी झाली होती, तरी शेअरचा भाव शून्य नव्हता. काहीतरी पदरात पडेल या आशेवर तो टिकून होता. अशा कंपनीत मोठा आकडा कर्जाचा असतो आणि तोच फुगलेला असतो, त्यामुळे सूत्रातली चूक धंदा महाग असल्यासारखी दिसते.

एबिटडातून घसारा वजा केल्यावर उरलेली रक्कम व्याजालाही पुरत नसेल, पतमानांकन ‘डी’वर गेले असेल किंवा बँका ते खाते मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना सवलतीत विकत असतील, तर कर्जाची पुस्तकी किंमत सोडून द्यावी. कंपनीचे कर्जरोखे बाजारात विकले जात असतील तर त्यांचा भाव घ्यावा. नसतील तर उलट्या दिशेने जावे: त्याच धंद्यातल्या निरोगी कंपन्यांची एंटरप्राइज व्हॅल्यू एबिटडाच्या किती पट किंवा टनामागे किती, ते पाहून या कारखान्याची किंमत काढावी, आणि त्यातून कर्जदात्यांचे किती भागते व भागधारकाला काही उरते का, हे तपासावे. भूषण स्टीलमध्ये जुन्या शेअरधारकांचा एकूण हिस्सा नव्या शेअरवाटपानंतर जेमतेम एक पंचमांश राहिला.