खोडलेले व परस्परविरोधी उत्तर (गुणदान)

लेखी परीक्षेत विद्यार्थ्याने काट मारलेला मजकूर, किंवा एकाच प्रश्नाची न जुळणारी दोन उत्तरे, यांना किती गुण द्यायचे हे ठरवण्याची पद्धत. मुंबईत राज्य मंडळ, सीबीएसई, आयबी व केंब्रिज यांच्या शाळा शेजारी शेजारी असल्याने एकाच तऱ्हेच्या खाडाखोडीचा निकाल इथे मंडळागणिक बदलतो.

‘खोडले ते गेले’ हा संकेत कुठून आला याबद्दल दोन तर्क करता येतात. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले व १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. संकेत त्या परीक्षापद्धतीबरोबर आला असावा, हा एक तर्क. दस्तऐवजातल्या खोडलेल्या ओळीला किंमत नसते आणि दुरुस्तीपाशी सही लागते, ही कचेरीतली रीत वर्गात उतरली, हा दुसरा. दुसरा अधिक पटतो. ब्रिटनमधील मंडळे निदान आज तरी खोडलेले सरसकट रद्द धरत नाहीत, अर्थात आजच्या सूचनांवरून दीडशे वर्षांमागचे अनुमान बेतानेच काढावे. एकाच उत्तराला निरनिराळे परीक्षक निरनिराळे गुण देतात हे ब्रिटनमधील संख्याशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ मध्ये आकडेवारीने मांडले. त्यातला किती फरक माणसांचा आणि किती नियम लिहून न ठेवल्याचा, हा प्रश्न मात्र उरतो.

आजचे नियम ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. पिअर्सन व एक्यूए या ब्रिटिश मंडळांच्या सूचनांनुसार खोडलेले काम वाचता येत असेल आणि त्याच्या जागी दुसरे लिहिलेले नसेल, तर ते तपासायचे. दुसरे लिहिले असेल तर सोडून द्यायचे. आयबीत उलट आहे. रेघ मारलेल्या कामाला गुण नाहीत. ‘हे तपासावे’ असे विद्यार्थ्याने स्पष्ट लिहून ठेवले असेल तरच ते धरतात.

उदाहरणार्थ, 2x² − 7x + 3 = 0 हे ३ गुणांचे समीकरण घेऊ. विद्यार्थ्याने आधी (2x − 1)(x − 3) = 0 असे अवयव पाडून x = 1/2 आणि x = 3 ही बरोबर मुळे काढली; मग शंका येऊन त्यावर तिरकी रेघ मारली. खाली सूत्र वापरले. b² − 4ac = 25 बरोबर आले, पण −b च्या जागी 7 ऐवजी −7 लिहिले गेले आणि उत्तर −1/2 व −3 आले. वरच्या भागाची किंमत ३ गुण, खालच्याची फार तर १ किंवा २. एक चूक एकदाच कापायची, पुढे तिचा परिणाम मोजायचा नाही, अशी सीबीएसईची सूचना आहे. ती लावली तर २. वर सांगितलेल्या दोन्ही नियमांनी इथे खालचाच भाग तपासला जातो. विद्यार्थ्याने रेघ मारून तिथेच सोडले असते, तर पहिल्या नियमाने ३ मिळाले असते आणि आयबीच्या नियमाने शून्य. रेघच मारली नसती तर प्रश्न परस्परविरोधी उत्तरांचा होतो: आयबीत सहसा पहिले उत्तर तपासतात, म्हणजे ३. एक्यूएच्या विज्ञान विषयांत, मागितल्यापेक्षा जास्त छोटी उत्तरे लिहिली असता, चुकीचे उत्तर बरोबर उत्तराचा गुण खाऊन टाकते.

राज्य मंडळाच्या दहावी गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर बहुपर्यायी प्रश्नांसाठी सूचना छापलेली असते: फक्त पहिला प्रयत्न ग्राह्य. शब्दशः घेतल्यास (B) खोडून (C) लिहिणाऱ्याचे (B)च तपासायचे, मग (C) बरोबर का असेना. ‘खोडले ते गेले’च्या हे अगदी उलट आहे, आणि सवयीने शेवटचे उत्तर तपासणारा परीक्षक इथेच फसतो. पर्याय मागाहून बदलले जाऊ नयेत हा हेतू दिसतो. दीर्घ उत्तरांसाठी अशी छापील सूचना नाही. तिथे आदर्श उत्तरपत्रिका आणि नियामकांचे मत चालते.

काट मारलेल्या पानावर परीक्षकाने काहीच खूण केली नाही, तर ते पाहून सोडले की पाहिलेच नाही, हे नंतर कळत नाही. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेली उत्तरे पाहतात, त्यामुळे वाद नेमका अशा पानावर येतो. राज्य मंडळाच्याच एका खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणीचा व उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क नाकारला होता. माहिती अधिकाराखाली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असा निकाल त्याच न्यायालयाने २०११ मध्ये दिला. छायाप्रत हाती आल्यावर रेघेखालचे बरोबर उत्तर विद्यार्थ्यालाही दिसू लागले. पुनर्मूल्यांकनात अशा पानाला गुण मिळतीलच असे नाही, पण परीक्षकाने समासात ‘रद्द’ एवढे लिहिले असल्यास निदान पान नजरेखालून गेल्याचे ठरते.

मुंबई विद्यापीठाने २०१७ पासून संगणकावर तपासणी सुरू केली. स्कॅनमध्ये पेन्सिलची फिकट रेघ नीट उमटली नाही, तर खोडलेले उत्तर न खोडलेले दिसू शकते.