जास्तीची फेरी कुठून आली

बेलमन-फोर्ड ही ग्राफमधले लघुतम मार्ग शोधण्याची रीत शिकताना बहुतेकांच्या हाती एक सूत्र पडते: नोड n असतील तर सगळ्या कडांवरून n-1 वेळा फिरा, आणि मग आणखी एकदा फिरा. त्या शेवटच्या फेरीत एखादे अंतर कमी झाले, तर ग्राफमध्ये ऋण चक्र आहे, म्हणजे फिरून त्याच नोडवर आणणारा आणि वजनांची बेरीज शून्याहून कमी असलेला मार्ग आहे. सूत्र बरोबर आहे. पण ते एका माणसाने एका बैठकीत मांडलेले नाही. कड शिथिल करण्याची कल्पना एकीकडून आली, फेऱ्या मोजण्याची दुसरीकडून. जास्तीच्या फेरीला अर्थ येतो तो या दोन्ही एकत्र आल्यावरच, म्हणून आधी त्या वेगवेगळ्या पाहू.

१९५६ च्या ऑगस्टमध्ये लेस्टर फोर्ड (धाकटे) यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका येथील रँड कॉर्पोरेशनसाठी एक अहवाल लिहिला. विषय होता जाळ्यांमधून होणारी वाहतूक. लघुतम मार्गाचा प्रश्न त्यात ओघाने आला आणि त्याची रीत फोर्डनी मोजक्या वाक्यांत उरकली. सुरुवातीच्या नोडचे अंतर ० धरा, बाकीच्यांचे अनंत. आता अशी एखादी कड शोधा, जिच्यावरून गेल्यास पुढच्या नोडचे अंतर सध्याच्या आकड्यापेक्षा कमी पडते. सापडली की तो आकडा खाली आणा. अशी एकही कड उरली नाही की थांबा.

या कृतीलाच आपण आज कड 'शिथिल करणे' म्हणतो. नाव पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते, कारण आकडा तर घट्ट होत जातो. सैल होतो तो ताण. प्रत्येक कडेची एक अट असते: पुढच्या नोडचे अंतर हे मागच्या नोडचे अंतर अधिक कडेचे वजन, याहून जास्त असू नये. अट मोडलेली कड ताणलेली समजा. आकडा खाली आणला की तिचा ताण गेला.

फोर्डच्या रीतीत एक गोष्ट नव्हती, आणि पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. कोणती कड आधी घ्यायची हे तिथे सांगितलेलेच नाही. मिळेल ती ताणलेली कड घ्या. ऋण चक्र नसेल तर ही रीत कधीतरी थांबते आणि बरोबर उत्तर देते. पण कधी? १९७३ मध्ये डोनाल्ड जॉन्सन यांनी दाखवले की कडांची निवड वाईट झाली तर पायऱ्यांची संख्या नोडच्या संख्येनुसार घातांकी वाढू शकते. म्हणजे हजारो पायऱ्यांनंतरही आकडे हलत असतील, तर वाट पाहायची की ऋण चक्र आहे म्हणून थांबायचे, हे आतून कळायला मार्ग नाही.

मुदत घालून दिली ती मोजणीने. ती थोडी आधीच जन्मली होती, वेगळ्याच वेषात. अल्फॉन्सो शिंबेल हे संदेशवहनाच्या जाळ्यांचा अभ्यास करत होते. १९५५ मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखात जाळे म्हणजे एक मॅट्रिक्स आहे आणि तिचे अंकगणित वेगळे आहे: बेरजेच्या जागी दोहोंतली लहान संख्या घ्यायची, गुणाकाराच्या जागी बेरीज करायची. अशा गणितात मॅट्रिक्सचा k वा घात म्हणजे जास्तीत जास्त k कडांच्या मार्गांची लघुतम अंतरे. घात वाढवत न्यायचे, आणि दोन लागोपाठचे घात सारखे आले की काम संपले.

रिचर्ड बेलमनही रँडमध्येच होते. १९५८ मध्ये त्यांनी चारच पानांचा लेख लिहिला. त्यांचा प्रश्न असा: N शहरे, प्रत्येक दोहोंमध्ये रस्ता, प्रत्येक रस्त्याला लागणारा वेळ माहीत, तर ठरलेल्या शहरी सर्वांत लवकर कसे पोचायचे? प्रत्येक शहराचा उत्तम वेळ त्यांनी बाकीच्या शहरांच्या उत्तम वेळांतून लिहिला आणि ते समीकरण अंदाज सुधारत सुधारत सोडवले. प्रत्येक सुधारणेला सरळ अर्थ होता: आणखी एका रस्त्याची मुभा. लघुतम मार्गाने एकाच शहरात दोनदा यायचे कारण नाही, म्हणून मार्गात फार तर N-1 रस्ते असणार, आणि तेवढ्यात अंदाज स्थिर होणार. एडवर्ड मूर यांनीही १९५७ च्या परिसंवादात याच धर्तीची रीत मांडली, ती १९५९ मध्ये छापली गेली. म्हणून काही जण तिला बेलमन-फोर्ड-मूर म्हणतात. माझ्या मते शिंबेलचे नावही त्यात हवे होते.

बेलमनच्या प्रश्नात वजने म्हणजे प्रवासाचा वेळ, आणि तो ऋण नसतो. ऋण वजने पुढे आली ती फोर्डच्या मूळ विषयातूनच, म्हणजे वाहतुकीतून. एखाद्या कडेवरून माल पाठवायला ७ खर्च येत असेल, तर पाठवलेला माल मागे घेणे म्हणजे -७ वजनाची उलटी कड. अशा जाळ्यात ऋण चक्र सापडले, तर तेवढाच माल कमी खर्चात जाऊ शकतो. १९६७ मध्ये मॉर्टन क्लाइन यांनी यावरच स्वस्त वाहतुकीची रीत बसवली: ऋण चक्र शोधा, त्यावरून माल फिरवा, चक्र उरले नाही की थांबा. इथे ऋण चक्र म्हणजे बिघाड नव्हे. शोधायचे तेच असते.

आता ती फेरी जवळून पाहू. चार नोड: अ, ब, क, ड. सुरुवात अ पासून. कडा चार:

अ→ब ४, ब→क ३, क→ड -५, ड→ब १.

ब→क→ड→ब या चक्राची बेरीज ३ - ५ + १, म्हणजे -१. कडा मी मुद्दाम वाईट क्रमाने घेतो: आधी ड→ब, मग क→ड, मग ब→क, शेवटी अ→ब. पहिल्या फेरीत ड, क आणि ब यांचे अंतर अनंत असल्याने पहिल्या तीन कडा वाया जातात, आणि शेवटच्या कडेने ब ४ होतो. दुसऱ्या फेरीत फक्त क बदलतो, ७ होतो. तिसरीत फक्त ड, तो २ होतो. इथे n-1 फेऱ्या संपल्या. आकडे ०, ४, ७, २, आणि दिसायला सगळे शहाण्यासारखे. चौथी फेरी सुरू होते आणि पहिलीच कड बोलते: ड→ब, २ + १ = ३, आणि ३ हे ४ पेक्षा कमी. ब खाली येतो, आणि चक्र पकडले जाते.

त्याच ड→ब कडेचे वजन १ ऐवजी २ करा. चक्राची बेरीज शून्य होते. पहिल्या तीन फेऱ्या अक्षरश: तशाच जातात, पण चौथीत २ + २ = ४, ब आधीच ४, काही हलत नाही. शून्य बेरजेचे चक्र निरुपद्रवी असते आणि फेरी त्याच्यावर गप्प राहते. कोडमध्ये `<` च्या जागी `<=` लिहिले तर हा भेद पुसला जातो आणि नसलेले ऋण चक्र दिसू लागते.

ही कसोटी कधी फसत नाही, याला दोन बाजू आहेत. समजा एखाद्या फेरीत काहीच हलले नाही. मग चक्रावरच्या प्रत्येक कडेची अट पाळली गेली आहे. त्या सगळ्या अटींची बेरीज करा: प्रत्येक नोडचे अंतर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे येते आणि कटते, आणि उरते इतकेच की चक्राच्या वजनांची बेरीज शून्याहून कमी नाही. म्हणजे पोचता येण्याजोगे ऋण चक्र असेल तर एकही फेरी कधीच शांत जाणार नाही. या बाजूला मोजणी लागत नाही, ती फोर्डच्या रीतीलाही लागू आहे. दुसरी बाजू अशी की ऋण चक्र नसेल, तर n-1 फेऱ्यांत सगळी अंतरे बसलेली असतात आणि n वी फेरी शांत जाते. ही मुदत शिंबेल-बेलमनच्या मोजणीतूनच मिळते.

```python
for r in range(n):
    x = -1
    for u, v, w in edges:
        if d[u] < INF and d[u] + w < d[v]:
            d[v] = d[u] + w
            p[v] = u
            x = v
    if x == -1:
        break
```

लूप संपल्यावर `x` -1 नसेल, तर ऋण चक्र आहे. पण `x` स्वत: त्या चक्रावर असेलच असे नाही, आणि इथे पुष्कळांची गल्लत होते. वरच्या उदाहरणात क→इ अशी एक कड लटकवली, तर चक्रातली घसरण इ पर्यंत झिरपते, आणि शेवटी बदललेला नोड इ असू शकतो. इ तर चक्राच्या बाहेर आहे. `p` मध्ये प्रत्येक नोडच्या मागचा नोड नोंदलेला असतो, म्हणून `p` धरून आधी n पावले मागे जायचे. एवढ्या पावलांत चक्रात शिरणे अटळ असते. मग तिथून पुन्हा त्याच नोडवर येईपर्यंत फिरले की चक्र हातात येते.

`d[u] < INF` ही तपासणी गाळली, तर आणखी एक घोळ होतो. अनंताच्या जागी मोठा पूर्णांक ठेवलेला असतो. जिथे पोचताच येत नाही अशा नोडमधून ऋण कड निघाली, की तो मोठा आकडा किंचित कमी होतो आणि पोचता येते असा भास होतो. तपासणी ठेवली, तरी एक मर्यादा राहतेच: सुरुवातीच्या नोडपासून न पोचणारे चक्र या रीतीला दिसत नाही. कुठलेही चक्र चालणार असेल, तर सगळी अंतरे सुरुवातीलाच शून्य धरावीत. जणू एक जादा नोड घेऊन त्याला प्रत्येक नोडशी शून्य वजनाने जोडले.

बेलमनच्या मांडणीत प्रत्येक अंदाज मागच्या अंदाजावरून निघतो. वरचा कोड मात्र आकडे जागच्या जागी बदलतो, त्यामुळे फेरीतला क्रम महत्त्वाचा ठरतो. माझे उदाहरण सुलट क्रमाने चालवले, तर पहिल्याच फेरीत ब ४, क ७, ड २ आणि पुन्हा ब ३ होतो. जिन येन यांनी १९७० मध्ये याचा फायदा घेतला: नोडना क्रमांक द्यायचे, पुढे जाणाऱ्या कडा चढत्या क्रमाने आणि मागे येणाऱ्या उतरत्या क्रमाने घ्यायच्या. त्यामुळे लागणाऱ्या फेऱ्या साधारण निम्म्यावर येतात. पण निम्मे केले, तरी खर्च नोड गुणिले कडा या प्रमाणातच राहतो. कोणत्याही वास्तव संख्या वजन म्हणून चालतील अशा प्रश्नासाठी ही पातळी पहिल्यांदा मोडली ती जेरेमी फाइनमन यांनी, २०२४ मध्ये. त्यांच्या रीतीत n च्या जागी n चा ८/९ वा घात येतो, सोबत काही लॉगचे गुणक.