एकरंगी पोशाख: छटा जुळवायची की तोडायची?

“एकाच रंगाचे कपडे घालायचे तर वरची-खालची छटा तंतोतंत एकच हवी ना?”

उलट, फसतं ते ‘जवळजवळ जुळलेलं’. सूत आणि लोकर रंगवायला वेगवेगळी रंगद्रव्यं वापरतात, त्यामुळे दुकानातल्या दिव्याखाली जुळलेली जोडी उन्हात फटकून दिसू शकते. गडद निळ्या लोकरी पँटवर किंचितच फिकट सुती शर्ट घातला, तर जुळवायला गेलो आणि चुकलो असं वाटतं. त्याऐवजी आकाशी लिननचा शर्ट घाला, वर मध्यम निळा, जाड विणीचा स्वेटर. मग फरक मुद्दाम केलेला दिसतो. फक्त झाक सांभाळा: हिरवट निळ्याशेजारी जांभळट निळा बहुधा खटकतो. काळ्यात (माझा आवडता, दुर्दैवाने) छटांना फारसा वाव नाही. तिथे चकाकत्या साटीनशेजारी प्रकाश गिळणारी मखमल तेच काम करते.