ट्युब्युलर बॅटरीची देखभाल: पाणी, ग्रॅव्हिटी आणि इक्वलाइझिंग चार्ज

घरच्या इन्व्हर्टरला किंवा छोट्या सोलरला जी उंच, जड, वर सहा सेलची, म्हणजे सहा कप्प्यांची, सहा बुचं असलेली १२ व्होल्टची बॅटरी जोडलेली असते ती बहुतेक वेळा ट्युब्युलर लेड-अॅसिड बॅटरी असते. ट्युब्युलर नाव पडलं पॉझिटिव्ह प्लेटवरून, म्हणजे या प्लेटमध्ये शिशाच्या उभ्या काड्या असतात आणि प्रत्येक काडीवर पॉलिएस्टरच्या कापडाची नळी, त्या नळीत सगळा मसाला, म्हणजे वीज साठवणारं शिशाचं संयुग, ठासून भरलेला. साध्या फ्लॅट प्लेटचा मसाला वापराने झडून तळाशी गाळ होतो तसा इथे लवकर होत नाही, म्हणून रोज चार-पाच तास लाइट जात असली तरी ही बॅटरी तग धरते. निगेटिव्ह प्लेट मात्र साधी सपाटच असते.

देखभाल म्हटलं की लोक फक्त पाणी टाकतात. पाणी हवंच, पण ते तीन कामांपैकी एक झालं, बाकीची दोन म्हणजे ग्रॅव्हिटी, म्हणजे आतलं अॅसिडचं द्रावण पाण्याच्या मानाने किती जड आहे ते बघणं, आणि गरज पडली तर इक्वलाइझिंग चार्ज, म्हणजे मागे पडलेल्या सेलला बाकीच्यांच्या बरोबरीला आणणारा जादा चार्ज देणं. आणि ही तिन्ही एकमेकांत अडकलेली आहेत, कारण पाण्याची पातळी चुकीची असेल तर ग्रॅव्हिटी खोटी दिसते, आणि ग्रॅव्हिटी खोटी असेल तर इक्वलाइझिंग लागतंय की नाही ते कळतच नाही.

पाणी जातं कुठे हे आधी बघू. बॅटरी फुल झाल्यावरही चार्जर थोडा करंट देतच राहतो, त्या करंटला आता प्लेटमध्ये काम उरलेलं नसतं म्हणून तो पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन करतो, आणि ते बुचातून निघून जातात. हिशोब सोपा आहे, फुल झाल्यानंतरच्या प्रत्येक अँपिअर-अवरला एका सेलमधलं साधारण ०.३४ ग्रॅम पाणी जातं. चार्जर फ्लोटवर, म्हणजे फुल बॅटरी भरलेली ठेवण्यापुरता, नुसता १०० मिलीअँपिअर देत असेल तरी दिवसाचे २.४ अँपिअर-अवर होतात, म्हणजे सहा सेल मिळून रोज पाच ग्रॅमच्या आसपास, महिन्याला दीडशे मिली. त्यामुळे ज्यांच्याकडे लाइट जातच नाही त्यांनाही पाणी टाकावं लागतं, उगाच 'वापरच नाही तर पाणी कसं संपलं' म्हणून दुकानदाराशी भांडू नये. उन्हाळ्यात बॅटरी गरम असली की हा करंट अजून वाढतो.

जातं फक्त पाणी, अॅसिड आतच राहतं. म्हणून भरपाईही फक्त पाण्याची करायची, घरी अॅसिड कधीच टाकायचं नाही. पाणी म्हणजे डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड, भारतात यासाठी IS 1069 हे मानकच आहे. नळाच्या पाण्यातलं लोह आणि क्लोराइड प्लेटला लागतं, बॅटरी उभ्या उभ्या डिस्चार्ज व्हायला लागते. आरओचं पाणीही चालत नाही, त्यात क्षार कमी असतात पण असतातच, आणि दर वेळी पाणी उडून गेलं की क्षार मागे साठत जातात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बरेच जण बादलीत धरून वापरतात, दिसायला ते शुद्धच, पण ते एसीच्या आतल्या धातूवरून आणि धुळीवरून वाहून आलेलं असतं. पाच लिटरचा कॅन काही फार महाग नाही.

टाकायचं कधी तर चार्ज पूर्ण झाल्यावर. चार्ज होताना आतलं द्रावण वर चढतं, त्यामुळे डिस्चार्ज झालेल्या बॅटरीत बुचातल्या पातळी दाखवणाऱ्या फ्लोटच्या हिरव्या खुणेपर्यंत पाणी भरलं तर रात्री चार्जिंगमध्ये ते बुचातून बाहेर येतं, आणि बाहेर येतं ते नुसतं पाणी नाही, अॅसिडसकट येतं. मग झाकणावर ओल, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर, आणि पुढच्या वेळी आपण परत पाणी भरतो. असं दोन-चार वेळा झालं की त्या सेलमधलं अॅसिडच कमी होतं आणि ग्रॅव्हिटी कायमची खाली बसते, कितीही चार्ज करा. फक्त एक अपवाद, प्लेट उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच पाणी टाकायचं आणि उरलेलं नंतर.

आता ग्रॅव्हिटी. बॅटरी डिस्चार्ज होते तेव्हा सल्फ्युरिक अॅसिड प्लेटमध्ये जाऊन लेड सल्फेट बनतं आणि द्रावणात पाणी वाढतं, म्हणून द्रावण हलकं होतं. चार्ज झालं की उलटं. म्हणजे द्रावण किती जड आहे यावरून सेल किती भरलाय ते थेट कळतं. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत फुल चार्जला १.२४० च्या जवळपास आकडा असतो, नक्की किती ते लेबलवर २७ अंश तापमानाला म्हणून छापलेलं असतं. मेकॅनिक १.२४० न म्हणता नुसतं बाराशे चाळीस म्हणतो. हा आकडा मोजायची काचेची नळी म्हणजे हायड्रोमीटर, आणि इथे एक गोंधळ कायम होतो, बाजारातले बरेच हायड्रोमीटर गाडीच्या बॅटरीसाठी रंगवलेले असतात, गाडीच्या बॅटरीला बाराशे ऐंशीपर्यंत लागतं, त्यामुळे ट्युब्युलरचा चांगला आकडाही त्यावर हिरव्या पट्ट्याच्या खाली दिसतो आणि माणूस घाबरतो. रंग बघू नका, आकडा वाचा.

आकडा घेताना काच उभी धरायची, आतला फ्लोट बाजूला चिकटू द्यायचा नाही, डोळा द्रावणाच्या पातळीला आणायचा, आणि काढलेलं द्रावण त्याच सेलमध्ये परत सोडायचं. हातमोजे आणि चष्मा घालाच, सुती कपड्यावर एक थेंब पडला तरी पुढच्या धुण्यात भोक दिसतं. पाणी टाकल्या टाकल्या ग्रॅव्हिटी बघण्यात अर्थ नाही, नवीन पाणी हलकं म्हणून वरच तरंगतं आणि हायड्रोमीटरची नळी नेमकी वरचंच द्रावण ओढते. एक चार्ज होऊन बुडबुड्यांनी ते मिसळलं की मग बघा. उलटं, पातळी खूप खाली गेलेली असेल तर अॅसिड दाट झाल्यामुळे आकडा खोटा जास्त येतो आणि बॅटरी ठणठणीत वाटते.

तापमानाचा हिशोबही धरावा लागतो. २७ अंशाच्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवायचे, खाली असेल तर वजा करायचे. मे महिन्यात विदर्भात द्रावण ३८ अंशाला असेल तर ११ अंशाचे जवळजवळ आठ पॉइंट, म्हणजे ०.००८, होतात, म्हणजे काचेवर १.२३० दिसलं तर खरं १.२३८.

एक उदाहरण धरू. १५० अँपिअर-अवरची बॅटरी, लेबलवर १.२४०, फुल चार्ज, पातळी बरोबर, द्रावण ३८ अंशाला. पॉझिटिव्हकडून मोजत गेलं तर तापमान धरून सहा सेलचे आकडे आले १.२३८, १.२३३, १.२३८, १.२०३, १.२३८, १.२३३. पाच सेल ठीक आहेत, चौथा चांगल्या सेलपेक्षा ३५ पॉइंट मागे. मल्टिमीटरवर मात्र ही बॅटरी १२.४ च्या जवळपास व्होल्ट दाखवणार, कारण एका सेलचा विश्रांतीचा व्होल्टेज म्हणजे ढोबळमानाने ग्रॅव्हिटी अधिक ०.८४, त्यामुळे चौथ्या सेलने सगळ्या बॅटरीचे फक्त ०.०३५ व्होल्ट खाल्ले. एवढा फरक घरच्या मीटरवर कुणाच्या लक्षात येणार? म्हणून हायड्रोमीटर लागतो.

सहाही सेल सिरीजमध्ये असतात, करंट सगळ्यांना सारखाच. एखादा सेल थोडा मागे पडला की इन्व्हर्टर बाकीच्यांचा व्होल्टेज बघून चार्ज थांबवतो आणि तो सेल दर वेळी थोडा थोडा उपाशी राहतो. उरलेल्या लेड सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात. शिवाय उंच बॅटरीत जड अॅसिड तळाशी बसतं आणि नुसत्या फ्लोट चार्जने ते ढवळलं जात नाही, ज्यांच्याकडे लाइट क्वचित जाते त्यांना हे जास्त सतावतं. या दोन्हींवर उपाय म्हणजे इक्वलाइझिंग, म्हणजे बॅटरी फुल झाल्यावरही मुद्दाम छोट्या करंटने चार्ज चालू ठेवायचा. भरलेल्या सेलमध्ये तो करंट पाणी फोडतो आणि बुडबुडे द्रावण ढवळतात, मागच्या सेलमध्ये मात्र तोच करंट सल्फेट परत फिरवतो.

करंट साधारण क्षमतेच्या विसाव्या हिश्शाएवढा, १५० ला साडेसात अँपिअर. व्होल्टेज १५.५ ते १६ च्या आसपास चढतो, त्यामुळे बॅटरी इन्व्हर्टरपासून सोडवूनच हे करायचं. घरचा इन्व्हर्टर ट्युब्युलरच्या सेटिंगवर साधारण १४.४ पर्यंत जातो, त्याच्याने हे होत नाही, बॅटरीवाल्याकडचा बेंच चार्जर लागतो. सोलरच्या काही चार्ज कंट्रोलरमध्ये इक्वलाइझचा पर्याय असतो, पण चालू करण्याआधी पातळी बघा.

वरच्या बॅटरीत चौथ्याला किती वेळ लागेल? फुलपासून रिकामं होईपर्यंत ढोबळ १०० पॉइंट उतरतात असं धरलं तर ३५ पॉइंट म्हणजे पन्नासेक अँपिअर-अवर, साडेसातने सात तास, आणि सगळाच करंट कामी येत नाही म्हणून आठ ते दहा. दर तासाला सगळे आकडे तापमान धरून लिहायचे. सुरुवातीला चौथा हळू चढेल, तीन तासांनी १.२१२, सहा तासांनी १.२२६, मग आठ, नऊ आणि दहा तासांना १.२३४, १.२३४, १.२३४. सलग तीन वाचनं सारखी आली आणि सहाही सेल सारखे बुडबुडे सोडत उकळताना दिसले की बंद. द्रावण ५० अंशाला पोचलं तर मध्येच थांबायचं, ४० वर आलं की पुढे. या दहा तासांत सहा सेलचं मिळून दीडशे मिलीच्या आत पाणी गेलेलं असतं, ते शेवटी भरून टाका.

हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो, तेव्हा खिडकी उघडी आणि आसपास ज्योत नको. बऱ्याच फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर देवघराशेजारीच असतो, त्या दिवशी समई लांब ठेवा.

चौथा सेल असा चढला नाही तर? बाकीचे पाच उकळतायत आणि तो शांत किंवा उलट जास्त गरम, आकडा जिथल्या तिथे, तर प्रकरण सल्फेटचं नाही, आत शॉर्ट आहे. चार्जर काढून एक रात्र ठेवली की अशी बॅटरी १०.५ व्होल्टच्या आसपास येऊन बसते, सरळ एक सेल गेलेला असतो. मग कितीही इक्वलाइझ केलं तरी उरलेल्या पाच सेलचंच नुकसान. आणि सेल उकळतोय, पातळी बरोबर, वाचनं स्थिर, पण तीस-चाळीस पॉइंट खालीच राहिला, तर पूर्वी ओव्हरफिलमध्ये अॅसिड वाहून गेलंय असा संशय घ्यावा. तेव्हा, आणि फक्त तेव्हा, फुल चार्ज अवस्थेत थोडं द्रावण काढून जास्त ग्रॅव्हिटीचं अॅसिड भरून आकडा जुळवतात, पण ते बॅटरीवाल्याचं काम, घरी नको.

दर महिन्याला इक्वलाइझ करायचा उत्साह काहींना असतो. गरज नसताना केलं तर नळीतल्या काड्या गंजतात आणि पाणी वाया जातं. चांगल्या आणि वाईट सेलमध्ये २०-२५ पॉइंटचा फरक पडला, किंवा बॅटरी पूर्ण रिकामी होऊन काही दिवस तशीच पडून राहिली, तेव्हाच करायचं. बाकी वेळी तीन महिन्यांतून एकदा आकडे घेऊन इन्व्हर्टरच्या ट्रॉलीवर चिकटवलेल्या कागदावर तारखेसकट लिहिले तर कुठला सेल मागे पडतोय ते वर्षभर आधी दिसतं.