चर्चा जास्त म्हणजे ब्रँड पुढे?

‘सोशल मीडियावर आमचंच नाव सर्वांत जास्त येतंय, म्हणजे आम्ही स्पर्धकांच्या पुढे आहोत ना?’

तसं नाही. जून 2015 मध्ये शिशाच्या वादावरून मॅगीवर बंदी आली, तेव्हा नूडल्सच्या चर्चेत तिच्याइतकं नाव दुसऱ्या कुणाचंच नव्हतं आणि दुकानांतून पाकिटं मात्र परत जात होती.

‘शेअर ऑफ व्हॉइस’, म्हणजे एकूण चर्चेतला ब्रँडचा वाटा, फक्त उल्लेख मोजतो. समजा, महिन्यात 1000 उल्लेख झाले: तुमचे 600, स्पर्धकाचे 400. वाटा 60 टक्के, मीटिंगमध्ये टाळ्या. आता सूर बघा. तुमचे 90 चांगले, 330 वाईट, बाकी तटस्थ. स्पर्धकाचे 160 चांगले, 40 वाईट. चांगल्यातून वाईट वजा करून एकूण उल्लेखांनी भागा: तुम्ही उणे 40 टक्के, तो अधिक 30. चांगल्या 250 उल्लेखांत तुमचा वाटा उरतो 36 टक्के.

सूर ओळखणारं सॉफ्टवेअरही फसतं, विशेषतः मराठी टोमण्यांपुढे. ‘वा, काय सर्व्हिस! तीन आठवडे झाले, फ्रिज अजून बंदच’ हे ते खुशाल कौतुकात टाकतं. म्हणून दर महिन्याला शंभरेक पोस्ट न निवडता, कुठूनही उचलून माणसाकडून वाचून घ्याव्यात. त्यातल्या पंचवीस-तीस पोस्टचा सूर सॉफ्टवेअरने चुकीचा ओळखलेला निघाला, तर दोन-चार टक्क्यांच्या चढउतारावर अहवाल लिहू नये.