चमचाभर पाणी, दर दोन मिनिटांनी

ऑक्टोबर २०२५ मधे अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआयने एक आदेश काढला, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या कुठल्याही पेयाच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायचा नाही. तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की मेडिकलमधून जुलाबासाठी म्हणून आणलेला तो सफरचंदाच्या चवीचा खोका ओआरएस नव्हताच, ते गोड सरबत होतं. मला ही बातमी आठवायचं कारण म्हणजे मागच्या उन्हाळ्यात आमच्या चुलतभावाच्या घरी झालेला प्रकार.

साखरपुडा होता, जेवण रात्री नऊला. दीड वाजता एकेकाला उलट्या सुरू झाल्या आणि तीनला मला फोन. मी पहिलं विचारलं, कोणी काय खाल्लं? उलट्या झालेल्या पाचही जणांनी बासुंदी खाल्ली होती, ज्यांनी खाल्ली नाही ते ढाराढूर झोपलेले. ताप कुणालाच नाही. जेवल्यापासून एक ते सहा तासांत जोरदार उलट्या आणि ताप नाही, असं असलं की संशय बॅक्टेरियापेक्षा त्यांनी आधीच अन्नात करून ठेवलेल्या विषावर जातो. दुधाच्या पदार्थात बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस, जो माणसाच्या नाकात आणि हातावरच्या पिकलेल्या जखमेत राहतो. बासुंदी आटवून दुपारभर बाहेर ठेवली की तो वाढतो आणि विष सोडतो. गंमत अशी की नंतर बासुंदी पुन्हा उकळली तर बॅक्टेरिया मरतात पण विष तसंच राहतं, त्यामुळे 'गरम करून घे, काही होत नाही' हे इथे चालत नाही. आणि अँटिबायोटिकचाही उपयोग नाही, मारायचं कोणाला? हा त्रास बहुतेकदा एका दिवसात आपोआप ओसरतो. प्रश्न एवढाच की त्या एका दिवसात शरीरातलं पाणी टिकवायचं कसं.

भावाच्या घरी तेव्हा दोन गोष्टी चालल्या होत्या. काकूंनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली (एवढ्या लोकांनी साखरपुडा बघितला ना!) आणि काकांचं पाणी बंद केलं, कारण 'प्यायलं की उलटतंय'. दृष्टीने नुकसान काही झालं नाही, मिरच्या मात्र वाया गेल्या. पाणी बंद करणं मात्र खरंच चुकीचं. काका तहान लागली म्हणून एका दमात दोन ग्लास पाणी पीत होते, आधीच चिडलेलं पोट एकदम ताणलं जायचं आणि सगळं परत बाहेर. उपाय म्हणजे उलटी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्याने पाजायचं. चहाचा चमचा म्हणजे ५ मिली, दर दोन मिनिटांनी एक दिला तर तासाला १५० मिली होतात, चार तासांत ६०० मिली. कंटाळवाणं काम आहे पण पोटात राहतं. पोट शांत झालं की घोट वाढवायचा.

पण चमच्यात काय द्यायचं, हा माझा आवडता भाग. आपल्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो (प्यालेलं पाणी, लाळ, पाचकरस) आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात ओढला जातो, बाहेर पडतो फक्त एखादा पेलाभर. हे पाणी ओढणारा पंप आतड्यात नाहीच! पाणी मिठाच्या मागे जातं, जिथे सोडियम जास्त तिकडे तेही सरकतं. आतड्याच्या पेशींवर सोडियम आत घ्यायचे वेगवेगळे दरवाजे असतात, जुलाबात त्यातले काही बंद पडतात, म्हणून नुसतं मिठाचं पाणी किंवा नुसतं साधं पाणी हवं तसं शोषलं जात नाही. पण एक दरवाजा बहुतेक वेळा चालू राहतो, एसजीएलटी १ नावाचा, आणि त्याची अट विचित्र आहे. ग्लुकोजचा एक रेणू आला तरच तो सोडियमचे दोन आयन आत सोडतो, एकट्याला प्रवेश नाही. म्हणजे साखर इथे ताकदीसाठी नसतेच, ती सोडियमचं तिकीट असते, आणि सोडियम आत गेला की मागोमाग पाणी. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मधे मांडली आणि १९७१ मधे बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना पिंपात कालवलेलं मीठ-साखरेचं पाणी पाजून ती खरी करून दाखवली.

आता साखर वाढवली तर आणखी चांगलं? नाही. तिकीट हवं तेवढंच, उरलेली साखर आतड्यात पडून राहते आणि उलट शरीरातलं पाणी तिकडे खेचते, जुलाब वाढतात. त्या गोड खोक्यांचं आणि कोल्ड्रिंकचं दुखणं हेच, साखर भरपूर आणि मीठ नावाला. डब्ल्यूएचओच्या ओआरएसमधे एका लिटरला ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं, सोबत पोटॅशियम आणि सायट्रेट. मोठं पाकीट पूर्ण एका लिटरमधे टाकायचं, अर्धं ग्लासात असला अंदाजपंचे प्रकार नको, आणि उरलेलं २४ तासांनी ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आपली साखर पचताना निम्मी ग्लुकोज होते, त्यामुळे हिशोब बरोबर जुळतो. चव बघा, आसवांपेक्षा खारट लागलं तर चुकलं. मोठ्या माणसाने प्रत्येक जुलाबानंतर ग्लासभर ते दोन ग्लास प्यावं. भूक लागली की मऊ भात, मेतकूट, पेज चालेल, उपास घडवायची गरज नाही. जुलाब थांबवायची गोळी मुलांना अजिबात नाही, आणि रक्त किंवा ताप असेल तर मोठ्यांनाही नाही.

दुपारपर्यंत चौघं झोपून उठून भात मागत होते. काका मात्र ६८ वर्षांचे, त्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू, आणि सकाळी सवयीने तीही घेतलेली. (अशा वेळी त्या दिवशीच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं.) चारला मी विचारलं लघवी कधी झाली, तर पहाटे. उठून उभे राहिले तर डोळ्यापुढे अंधारी. आठ तासांहून जास्त वेळ लघवी नाही आणि उभं राहिल्यावर चक्कर, म्हणजे चमच्याचं काम संपलं, मग रिक्षा बोलावली.

असंच रिक्षा बोलवायचे बाकीचे प्रसंग: शौचात किंवा उलटीत रक्त, १०२ च्या वर ताप, चमच्याने दिलेलंही काही तास पोटात न राहणं, पोटात असह्य दुखणं, बरळणं किंवा गुंगी. एकाचे दोन दिसायला लागले किंवा जीभ जड झाली तर एक मिनिट थांबू नका, ते वेगळंच विष असू शकतं. तान्ह्या बाळांत डोळे खोल जाणं, रडताना पाणी न येणं आणि लंगोट कोरडा राहणं ही लक्षणं, त्यांच्या आणि गरोदर बायकांच्या, डायबिटीस-किडनीवाल्यांच्या बाबतीत धीर धरून वाट बघायची नाही.

हॉस्पिटलमधे डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या, किती वाजता जेवलात, गोळ्या कुठल्या चालू आहेत, शेवटची लघवी कधी. भावाने तिन्ही कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवल्या होत्या. सलाईनच्या दोन बाटल्या चढल्या आणि रात्री दहाला काकांनी स्वतःहून बाथरूम कुठे आहे ते विचारलं.