पार्श्वभूमी: पोलादाचा वाद, सफरचंदावर ड्युटी

2018-19 मध्ये अमेरिकेतून भारतात सुमारे 1 लाख 28 हजार टन सफरचंद आलं होतं. 2022-23 मध्ये ते साडेचार हजार टनांच्या आसपास उरलं. वाशीच्या फळबाजारात आयात सफरचंद घेणाऱ्यांना हा बदल पेट्यांवरच्या देशांच्या नावांतून दिसला. अमेरिकेची जागा तुर्कस्तान, इराण, इटली, चिली आणि न्यूझीलंडने घेतली. सफरचंदावर आधीच 50 टक्के ड्युटी होती. तीवर अमेरिकेच्या मालापुरती 20 टक्के वाढ झाली, आणि ती कशासाठी होती, तर पोलादासाठी.

दोघांनी सहकार्य केलं तर दोघांचं भलं, पण एकेकट्याला दगा देणंच फायद्याचं वाटतं आणि शेवटी दोघंही तोट्यात जातात, हा ‘कैद्यांचा पेच’ 1950 मध्ये मांडला गेला. व्यापारात तो आधीच दिसला होता. 1930 मध्ये अमेरिकेने डझनभर अंड्यांवरची ड्युटी 8 सेंटवरून 10 केली होती आणि कॅनडाने स्वतःची 3 वरून थेट 10 सेंटवर नेऊन उत्तर दिलं होतं. युद्धानंतरच्या व्यापार कराराने म्हणूनच सूड नियमात बसवला: आधी तक्रार, मग निवाडा, मग परवानगी. हा डाव एकदाच खेळायचा नसतो. उद्याही त्याच देशाशी व्यवहार आहे म्हटल्यावर ‘जशास तसे’ची नुसती शक्यताही बऱ्याचदा पुरते.

पण या हिशेबाला एक अट आहे: पहिली आगळीक कोणाची, यावर दोघांचं एकमत हवं. 2018 मध्ये नेमकं तेच नव्हतं.

त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने पोलादावर 25 आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के ड्युटी लावली. कारण सांगितलं, राष्ट्रीय सुरक्षा. भारताने म्हटलं, हा देशी कारखाने वाचवण्यासाठीचा संरक्षक उपाय आहे, त्याला सुरक्षेचं नाव दिलंय एवढंच. या वादावर सगळं अवलंबून होतं. संरक्षक उपाय असेल, तर ज्याचं नुकसान होतं तो देश काही अटींवर तेवढ्याच किमतीच्या सवलती स्वतःहून काढून घेऊ शकतो. सुरक्षेचा उपाय असेल, तर आधी जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेपुढे, खटला जिंकावा लागतो, त्यात वर्षं जातात, आणि तोवर दिलेलं उत्तर हाच करारभंग ठरतो. म्हणजे एकच 20 टक्के, दिल्लीच्या वहीत परतफेड आणि वॉशिंग्टनच्या वहीत नवी आगळीक.

भारताने जिनिव्हात तक्रार केलीच, शिवाय जून 2018 मध्ये जादा ड्युटीची यादीही जाहीर केली. मात्र अंमलबजावणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. याला कचखाऊपणा म्हणतात, ते मला पटत नाही. यादी समोर ठेवून थांबणं म्हणजे समोरच्याला माघारीची वाट मोकळी ठेवणं. चुकलं ते शेवटच्या टप्प्यावर. 5 जून 2019 रोजी अमेरिकेने भारतीय मालाला दिलेली विकसनशील देशांची सवलत काढली आणि 16 जूनपासून आपली 28 वस्तूंवरची जादा ड्युटी सुरू झाली. कागदावर ती पोलादासाठी होती, वेळ मात्र सवलतीच्या रागाची वाटली. शिक्षा कशाची हे समोरच्याला कळलं नाही, तर काय सुधारायचं हेही कळत नाही. जुलैमध्ये अमेरिकेने भारताविरुद्ध तक्रार गुदरली.

शिक्षा कोणाला बसते हेही पाहायला हवं. सफरचंद दुसरीकडून मिळालं. बदामाचं तसं नव्हतं, कारण जगातलं बहुतेक पीक कॅलिफोर्नियाचं. सालासकट बदामाची ड्युटी किलोला 35 वरून 41 रुपये झाली. न्हावा शेवाला उतरलेला 20 टनांचा कंटेनर धरला, तर 1 लाख 20 हजार रुपये जादा. माल तिथूनच यायचा असल्याने यातला बराचसा भार आपल्याच आयातदारावर आणि गिऱ्हाइकावर पडणार होता.

डिसेंबर 2019 पासून जिनिव्हाचं अपील मंडळ सदस्यांअभावी ठप्प आहे. डिसेंबर 2022 मध्ये चीन, तुर्कस्तान, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडच्या तक्रारींवर अमेरिकेची ड्युटी नियमबाह्य ठरली. अमेरिकेने तो निकाल धुडकावला. ऑगस्ट 2023 मध्ये चीनच्या प्रत्युत्तराचा निकाल लागला: अमेरिकेचा उपाय संरक्षक नव्हताच, त्यामुळे स्वतःहून दिलेलं उत्तरही बेकायदा. दोन्ही बाजू दोषी आणि दोघांवरही अंमल करवणारं कोणी नाही.

भारत तोवर बाजूला झाला होता. जून 2023 मध्ये दोन्ही देशांनी सहा खटले आपसात मिटवले. सफरचंद, अक्रोड, बदाम यांवरची जादा ड्युटी गेली. पोलादावरची अमेरिकी ड्युटी गेली नाही, फक्त भारतीय मालाला त्या ड्युटीतून सूट मागणाऱ्या अर्जांना झुकतं माप देण्याचं ठरलं. ‘संरक्षक की सुरक्षा’ हा प्रश्न या तडजोडीने सोडवला नाही, तसाच ठेवला.

मार्च 2025 मध्ये अमेरिकेने देशांना दिलेल्या सवलती मोडीत काढून पोलाद आणि ॲल्युमिनियम या दोन्हींवर सरसकट 25 टक्के लावले, जूनमध्ये 50 केले. मे महिन्यात भारताने जिनिव्हात सवलती काढून घेण्याची नोटीस दिली, आधार तोच, संरक्षक उपाय. अमेरिकेचं उत्तरही तेच आलं: हा सुरक्षेचा मामला आहे, तुम्हाला तो हक्क नाही.